चार बाजू माहीत, कर्ण किती?

पुठ्ठ्याच्या पंचवीस-पंचवीस सेंटीमीटर लांबीच्या चार पट्ट्या कापा आणि टाचण्यांनी टोकाला टोक जोडून चौकोन करा. समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढले की तो चौकोन निमुळता होत जातो. बाजू तेवढ्याच राहतात, कर्ण मात्र दर वेळी बदलतात. एक कर्ण ३० केला तर दुसरा ४० येतो. एक १४ केला तर दुसरा ४८.

हे आकडे ‘लीलावती’तले आहेत. भास्कराचार्यांनी तो ग्रंथ ११५० च्या सुमारास लिहिला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखात आजही वाचता येते. नुसत्या चार बाजू सांगून चौकोनाचे नेमके क्षेत्रफळ विचारणाऱ्याला भास्कराचार्य चक्क पिशाच म्हणतात, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून वाईट! राग रास्तच आहे. चार बाजूंनी चौकोन पक्का ठरत नाही; आणखी एक अट लागते.

ती अट वर्तुळाची असू शकते. चौकोनाचे चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर असतील, म्हणजे तो चक्रीय असेल, तर कर्णांना हलायला जागाच उरत नाही. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमीने ‘अल्माजेस्ट’मध्ये हे नाते सिद्ध केले: चक्रीय चौकोनाच्या दोन कर्णांचा गुणाकार हा संमुख बाजूंच्या दोन जोड्यांच्या गुणाकारांच्या बेरजेइतका असतो. चौकोन अबकड असेल, तर

अक × बड = अब × कड + बक × अड

टॉलेमीला वर्तुळातल्या जीवांचे कोष्टक करायचे होते. दोन कंसांच्या जीवा माहीत असल्या की त्यांच्या फरकाच्या कंसाची जीवा त्याला याच नात्यातून मिळत असे. ७२ अंशांच्या आणि ६० अंशांच्या कंसांवरून त्याने १२ अंशांच्या कंसाची जीवा काढली ती अशीच.

आता प्रत्यक्ष एक कर्ण काढू. समजा अब २५, बक ६०, कड ३९ आणि डअ ५२ आहे, आणि ब हा काटकोन आहे. पायथागोरसच्या प्रमेयाने ६२५ आणि ३६०० मिळून ४२२५, म्हणून कर्ण अक ६५. इथे थोडे थांबायला हवे, कारण चौकोन चक्रीय आहे हे अजून ठरलेले नाही. पलीकडचा त्रिकोण तपासा: ३९ चा वर्ग १५२१, ५२ चा वर्ग २७०४, बेरीज पुन्हा ४२२५. म्हणजे ड हाही काटकोनच. संमुख कोनांची बेरीज १८० अंश झाली, चौकोन चक्रीय ठरला आणि ६५ हा त्या वर्तुळाचा व्यास ठरला. आता प्रमेय निर्धास्त वापरता येते. २५ × ३९ म्हणजे ९७५, ६० × ५२ म्हणजे ३१२०, दोन्ही मिळून ४०९५. त्याला ६५ ने भागले की बड बरोबर ६३.

सर्वाधिक चुका होतात त्या संमुख बाजू ओळखण्यात. घाईत २५ चा गुणाकार शेजारच्या ६० शी केला जातो आणि उत्तर चुकते. अब या बाजूत जी अक्षरे नाहीत त्यांनी बनलेली बाजू, म्हणजे कड, ही तिची संमुख बाजू. एवढे पाहिले तरी गोंधळ टळतो.

बाजूंचा क्रम बदलला की उत्तरही बदलते, हे याच चौकोनात दिसते. ३९ आणि ५२ या बाजूंची अदलाबदल करा. अक ६५ च राहील, वर्तुळही तेच राहील. पण आता २५ × ५२ म्हणजे १३००, ६० × ३९ म्हणजे २३४०, बेरीज ३६४०, आणि भागाकार ५६. तिसऱ्या मांडणीत २५ समोर ६० आणि ३९ समोर ५२ ठेवले, तर बेरीज ३५२८ येते आणि कर्ण होतात ६३ व ५६. या तिसऱ्या मांडणीचा चौकोन ‘लीलावती’त आहे. आधीच्या आचार्यांनी त्याचे कर्ण ठाम ६३ आणि ५६ सांगितले होते. त्याच बाजूंवर वेगळे कर्णही बसतात, हे भास्कराचार्यांनी तिथे दाखवून दिले. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने नुसत्या बाजूंवरून कर्ण काढण्याचे सूत्र दिले होते. ते अचूक आहे, पण चक्रीय चौकोनापुरतेच.

चौकोन चक्रीय नसेल, तर कर्णांचा गुणाकार त्या बेरजेपेक्षा नेहमी कमीच भरतो. पंचवीसच्या पट्ट्यांकडे परत या. बेरीज ६२५ आणि ६२५ मिळून १२५०. कर्ण ३० आणि ४० असताना गुणाकार १२००. १४ आणि ४८ असताना अवघा ६७२. पट्ट्या हलवत राहा: गुणाकार पुरा १२५० होतो तो एकाच स्थितीत, चौकोनाचा चौरस झाल्यावर.