फुटलेल्या सुटकेसचा दावा

विमानतळावरच्या पट्ट्यावर सुटकेस फुटलेली आली, तर आंतरराष्ट्रीय प्रवासात भरपाई मागण्याचा हक्क १९९९ च्या माँट्रियल करारातून मिळतो. भारताने हा करार २००९ मध्ये स्वीकारला. करारातले सतरावे कलम प्रवाशाच्या बाजूचे आहे. चेक-इन केलेले सामान विमान कंपनीच्या ताब्यात असताना त्याचे नुकसान झाले, एवढे दिसले की पुरे. ते कोणाच्या हातून झाले, हलगर्जीपणा कोणाचा, हे प्रवाशाने सिद्ध करायचे नसते.

एकतिसावे कलम मात्र कडक आहे. प्रवासी तक्रार न करता सामान घेऊन गेला, तर ते धडधाकट अवस्थेत मिळाले असे गृहीत धरले जाते. तक्रार लेखी हवी आणि सामान हातात आल्यापासून सात दिवसांच्या आत हवी. हे दिवस रविवार आणि सुट्ट्या धरून मोजतात. मुदत टळली की दावा संपला. कंपनीने लबाडी केली असेल तरच त्याला अपवाद. फोटो आणि ईमेल यांचे महत्त्व या दोन कलमांमुळे आहे. बॅग विमानतळाबाहेर पडण्याआधीच फुटलेली होती हे फोटोंनी दाखवायचे आणि तक्रार मुदतीत पोचली हे ईमेलने.

म्हणून नुसत्या भेगेचा जवळून काढलेला फोटो फारसा उपयोगाचा नाही. तो कोणत्याही बॅगेचा, कधीचाही असू शकतो. पहिला फोटो लांबून घ्यावा: पूर्ण सुटकेस, हँडलला चेक-इनची पट्टी अजून बांधलेली आणि मागे सामानाचा पट्टा. दुसऱ्यात त्या पट्टीवरचा दहा आकडी नंबर वाचता यावा. तिसरा मोडलेल्या जागेचा, पण शेजारचे चाक किंवा कुलूप दिसेल इतक्या अंतरावरून, म्हणजे ही तीच बॅग आहे हे कळते. त्यानंतर हवे तितके जवळून फोटो. आतला कप्पा फाटला असेल किंवा वस्तू फुटल्या असतील, तर बॅग तिथेच उघडून त्यांचेही फोटो घ्यावेत. पुष्कळ लोक घरी जाऊन पहिल्यांदा ती चिकटपट्टी फाडून टाकतात, आणि नेमका तोच पुरावा कचऱ्यात जातो.

जवळून घेतलेल्या फोटोत एक गोष्ट पाहण्यासारखी असते. ताज्या तुटीची कड स्वच्छ असते, तिच्यात मळ नसतो आणि आतल्या प्लास्टिकचा रंग उजळ दिसतो. जुन्या भेगेत धूळ बसलेली असते, कडा घासून गुळगुळीत झालेल्या असतात. दावे तपासणाऱ्या माणसालाही हा फरक दिसतो. त्यामुळे जुने ओरखडे नव्या नुकसानीत खपवायला जाऊ नये. एक खोटा मुद्दा सापडला की खऱ्यावरचाही विश्वास जातो. ओरखडे, मळलेले कापड, घासलेले कोपरे यांना कंपन्या वापरातली झीज म्हणतात आणि त्याची भरपाई सहसा देत नाहीत. बॅगेतच मुळात दोष असेल, तर त्यातून झालेल्या नुकसानीची जबाबदारी करारही कंपनीवर टाकत नाही.

फोटो झाले की बाहेर पडण्याआधी त्याच हॉलमधल्या बॅगेज काउंटरवर जावे. तिथे नुकसानीचा नोंद-अहवाल तयार होतो, त्याला कर्मचारी ‘पीआयआर’ म्हणतात. त्यावर विमानतळाची तीन अक्षरे, कंपनीची दोन अक्षरे आणि पाच आकडे असा क्रमांक असतो. हा अहवाल म्हणजे कंपनीने चूक कबूल केली असे नव्हे, आणि बऱ्याच कंपन्या त्याला दावाही मानत नाहीत. म्हणून वेगळा ईमेल लागतोच.

समजा, एक कुटुंब फ्रँकफर्टहून मुंबईला १० तारखेच्या पहाटे उतरले. त्यांच्या कडक कवचाच्या सुटकेसचा खालचा कोपरा फुटला आहे आणि एक चाक स्क्रूसकट उपटून निघाले आहे. सात दिवसांची मुदत १७ तारखेला संपते. ईमेलच्या विषयाच्या ओळीत अहवालाचा क्रमांक, विमानाचा क्रमांक आणि तारीख आली, की काम भागते. मजकूर साधारण असा असावा:

“महोदय, १० तारखेला आपल्या विमानाने फ्रँकफर्टहून मुंबईस आलो. माझी एक सुटकेस नुकसान झालेल्या अवस्थेत मिळाली. विमानतळ सोडण्यापूर्वी काउंटरवर नोंद केली असून तिचा क्रमांक BOMXX10482 आहे. खालचा उजवा कोपरा फुटला आहे (फोटो ३ व ४) आणि त्याच बाजूचे चाक निखळले आहे (फोटो ५). पट्टीचा नंबर फोटो २ मध्ये दिसतो. बॅग दुरुस्त होण्यासारखी नाही, असे दुकानदाराचे पत्र जोडले आहे. २०२३ मध्ये ती ९,५०० रुपयांना घेतली, पावती सोबत आहे. हे पत्र नुकसानीची लेखी तक्रार आणि भरपाईची मागणी समजावे. बॅग तपासणीसाठी राखून ठेवली आहे.”

यात “तुमच्या लोकांनी बॅग आपटली” असे वाक्य नाही. ते कोणी पाहिलेले नाही, आणि कायद्याने त्याची गरजही नाही. प्रत्येक विधानापुढे त्याचा फोटो आहे. राग व्यक्त करायला मनाई नाही, पण त्याने रक्कम वाढत नाही. दुकानदाराचे पत्र सात दिवसांत मिळाले नाही, तर त्यासाठी थांबू नये. तक्रार आधी पाठवावी, कागद मागून येतील असे त्यात लिहावे. पाठवलेला ईमेल आणि पोच म्हणून आलेले उत्तर जपून ठेवावे. कंपनीचा फॉर्म वेबसाइटवर भरायचा असेल, तर शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्यावा.

फोटो व्हॉट्सॲपवरून फिरवून जोडले की त्यांचा आकार घटतो आणि फाइलमध्ये दडलेली वेळेची नोंदही सहसा पुसली जाते. फोनमधल्या मूळ फाइलच जोडाव्यात.

भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशोबाचे एकक. ही रक्कम रुपयांत दीड लाखाच्या पुढे जाते. ती कमाल मर्यादा आहे, ठरावीक भरपाई नव्हे. वरच्या उदाहरणात पूर्ण ९,५०० मिळतीलच असे नाही, कारण वापरलेल्या वर्षांची घट धरली जाते. कंपनी दुरुस्ती, दुसरी बॅग किंवा रोख यांपैकी एक देऊ करते. भारतातल्या देशांतर्गत प्रवासात ही मर्यादा २०,००० रुपये आहे.

दोन कंपन्यांची विमाने बदलून प्रवास झाला असेल, तर “ते आमच्याकडे झाले नाही” हे उत्तर येणारच. करारानुसार चेक-इन केलेल्या सामानासाठी पहिल्या कंपनीकडे, शेवटच्या कंपनीकडे आणि जिच्या टप्प्यात नुकसान झाले तिच्याकडे दावा करता येतो. सोय शेवटच्या कंपनीकडे जाण्यात आहे, कारण नोंद तिच्याच काउंटरवर झालेली असते. एक नकार मात्र खरा ठरू शकतो. चेक-इनच्या वेळीच बॅग मोडकी दिसली, तर कर्मचारी पट्टीवर मर्यादित जबाबदारीची खूण करतात आणि प्रवाशाची सही घेतात. सही करण्यापूर्वी तिथे काय लिहिले आहे ते वाचावे आणि बॅगेचा एक फोटो त्याच वेळी काढून ठेवावा.

उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर भारतात नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते, त्यापुढे ग्राहक आयोग आहे. माँट्रियल करारानुसार न्यायालयीन दाव्याची मुदत विमान पोचल्यापासून दोन वर्षे. निकाल लागेपर्यंत तुटकी सुटकेस भंगारात देऊ नये.