घाटातली तांबडी रेघ

कात्रजचा किंवा खंबाटकीचा घाट चढताना रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात काळ्या पाषाणाच्या दोन थरांमधून तांबडा पट्टा गेलेला दिसतो. कुठे तो वीतभर असतो, कुठे पुरुषभर. भूशास्त्रज्ञ त्याला 'रेड बोल' म्हणतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले, पण एक थर निवल्यावर दुसरा येईपर्यंत बराच काळ जाई. त्या अवधीत खालच्या थराचा माथा ऊनपावसात कुजला आणि त्यातलं लोह गंजलं. हाच तो तांबडा पट्टा, असं सोपं उत्तर बहुतेक ठिकाणी मिळतं. ते पुष्कळदा बरोबरही असतं, पण प्रत्येक पट्ट्यापाशी तपासून पाहावं लागतं.

तपासणीची सुरुवात हातोडीने करायची. वरून ओघळलेलं तांबडं पाणी खालच्या काळ्या खडकावर असा रंग चढवतं की दुरून अर्धा कडाच बोलचा वाटावा. दोन-तीन इंच आत फोडलं आणि खडक काळाच निघाला, तर तो नुसता ओघळ होता. रंग ताज्या फुटीवरच पाहायचा, तोही ओला करून, कारण कोरडी माती फिकट दिसते. माती तपासणारे मन्सेल नावाच्या रंगपत्रिकेतले चौकोन ओल्या ढेकळाशेजारी धरून जुळवतात. गॉगल काढून, उघड्या उजेडात. हे पुस्तक महाग असतं. ते नसेल तर निदान एकाच उजेडात, एकाच ओलीत सगळे नमुने शेजारी ठेवावेत.

मग पट्टा वरून खाली वाचायचा. वरची कड सहसा चाकूने कापल्यासारखी स्पष्ट असते. तिथला काही सेंटिमीटरांचा भाग सर्वांत लाल आणि कडक, भाजलेल्या विटेसारखा असतो. वरून आलेल्या तापलेल्या लाव्हाने तो खरोखरच भाजला आहे. मातीतल्या पिवळसर तपकिरी गोएथाइटमध्ये पाणी बांधलेलं असतं. उष्णतेने ते निघून गेलं की लाल हेमेटाइट उरतं. म्हणून खाली जाताना रंग विटकरीवरून तपकिरी, पिवळट होत जातो आणि शेवटी मुरमात, मग पक्क्या पाषाणात विरतो. कुठे कड तुटली आणि कुठे रंग विरला, हे लिहून ठेवलं की अर्धं काम झालं.

खालची कडही वरच्यासारखीच तुटक असेल आणि आत बारीक पापुद्रे दिसत असतील, तर मात्र थांबावं. ती जागेवर कुजलेली माती नसून पाण्याने आणलेला गाळ किंवा पडलेली ज्वालामुखी राख असू शकते. लाल रंगावरून हे दोन प्रकार वेगळे करता येत नाहीत. किती लोह आहे हेही त्यावरून कळत नाही, कारण थोडंसंच बारीक हेमेटाइट अख्खा थर रंगवून टाकतं. वरच्या काळ्या पाषाणातही लोह भरपूर आहे, फक्त ते गंजलेलं नाही. डोंगरमाथ्यावरचा जांभाही लालच, पण त्याच्यावर लाव्हा आलेला नसल्याने ती भाजलेली कड त्याला नसते.

या पट्ट्याचा रोजच्या जगण्याशी संबंध पाण्यातून येतो. बोल चिकणमातीसारखा असतो, त्यातून पाणी सहज झिरपत नाही. वरच्या पाषाणाच्या भेगांतून उतरलेलं पाणी इथे अडतं आणि कड्यातून पाझरतं. हाच थर भिजून फुगतो, सुकून भुगा होतो. तो खालून निसटला की वरचे धोंडे अधांतरी राहतात. घाटात दरडी कोसळण्याचं हे एक कारण आहे.

हिरवा रंग याहून फसवा. पाषाणातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांना आतून हिरव्या रंगाचं अस्तर दिसतं, बऱ्याचदा त्यावर पांढरे झिओलाइट किंवा गारगोटीचे स्फटिक असतात. ते अस्तर सहसा सेलॅडोनाइटचं. त्यातही लोहच आहे, पण काही पुरतं गंजलेलं आणि काही अर्धवट, म्हणून हिरवं. अजिंठ्याच्या चित्रांतला हिरवा रंग अशाच हिरव्या मातीचा आहे.

पावसाळ्यात शेवाळही असंच दिसतं, पण ते फक्त बाहेरच्या कातडीवर असतं. खडक फोडून आतली पोकळी पाहिली की शंका फिटते. काहींना हिरवं दिसलं की तांबं सापडल्यासारखं होतं. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकावा. तांब्याचं हिरवं मॅलाकाइट फसफसतं, सेलॅडोनाइट फसफसत नाही. मात्र शेजारी कॅल्साइट असेल तर तेही फसफसतं आणि त्याचा आळ हिरव्यावर येतो. म्हणून हिरवा कण चाकूने खरवडून, वेगळा करून थेंब टाकावा.

क्लोरोफाइट नावाचा एक मऊ पदार्थ तर ताज्या फुटीवर हिरवट असतो आणि हवा लागली की काळपट पडत जातो. घरी आणलेल्या नमुन्यावरून त्याचा मूळ रंग सांगता येत नाही. तो फुटल्या फुटल्या, जागेवरच वहीत लिहायचा असतो.