‘डिलिव्हर्ड’ म्हणजे नेमकं काय? आजीच्या इन्सुलिनचा एक बॉक्स आणि तीन प्रश्न

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. आजी नागपूरला, मी पुण्यात. तिचं इन्सुलिन संपत आलं होतं म्हणून मी इथूनच फोनवरून तिथल्या एका दुकानात ऑर्डर दिली. तीन मिलिलिटरच्या पाच काडतुसांचा, म्हणजे कार्ट्रिजेसचा, एक बॉक्स. साडेबाराच्या सुमारास माझ्या फोनवर ओटीपी आला, डिलिव्हरीवाल्या मुलाचा फोन आला, मी लॅबमध्ये घाईत होते, चार आकडे वाचून दाखवले. १२:५२ ला मेसेज आला: डिलिव्हर्ड. मी निश्चिंत.

चार-पाच दिवसांनी आजीचा फोन. "बाळा, उपाशीपोटीची शुगर दोनशेचाळीस येतेय गं. आणि त्या औषधात पांढरे पांढरे कण दिसतात, हातात घोळवलं तरी जात नाहीत."

आजीचं इन्सुलिन प्रीमिक्स प्रकारचं, दुधाळ दिसणारं. ते पेन हळूच घोळवलं, उलटसुलट केलं की एकसारखं दूध व्हायला पाहिजे. काचेला पांढरे कण चिकटून राहत असतील तर ते वापरायचं नाही, हे त्याच्या माहितीपत्रकातच असतं. कारण कण एकत्र गोळा झाले की प्रत्येक टोचणीत इन्सुलिन सारखं येत नाही. डॉक्टरांना विचारून नवा बॉक्स आणला, शुगर हळूहळू उतरली. पण बॉक्स खराब कशामुळे झाला हे शोधायला गेले, आणि तिथे मला माझ्याच विषयातला एक धडा मिळाला. संशोधनाकडे वळणाऱ्यांना तो उपयोगी पडेल, म्हणून ही पोस्ट.

तीन संशयित

विचारपूस केल्यावर कळलं ते असं. त्या मुलाने आजीच्या दारावरची बेल वाजवली, आजीला ऐकू कमी येतं, दार उघडलं नाही. त्याने पार्सल खाली वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवलं, मला फोन केला, ओटीपी घेतला आणि निघाला. वॉचमनने ते दुपारी चार वाजता वर नेऊन दिलं. आजीने ते फ्रिजमध्ये ठेवलं, तेही सगळ्यात वरच्या कप्प्यात, जुन्या सिंगल डोअर फ्रिजच्या बर्फाच्या खणाला अगदी चिकटून.

घरातल्या सगळ्यांचं एकमत झालं: नागपूरचा मे, पत्र्याची केबिन, तीन तास. उन्हानेच खराब झालं. पण न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असलं, तरी वापरात घेतल्यावर बहुतेक प्रकार ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालतात. म्हणजे उष्णतेने ते बिघडतं, पण बहुधा सावकाश. गोठण्याचं तसं नाही. एकदा गोठलं की संपलं, नंतर वितळवून ते पूर्ववत होत नाही. दुधाळ इन्सुलिनमध्ये निदान कण दिसतात. पाण्यासारखं स्वच्छ इन्सुलिन गोठून वितळल्यावरही नितळ दिसू शकतं, म्हणून नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

मग गोठायला कारण काय? फ्रिजचा वरचा खण हा एक संशयित. दुसरा संशयित त्या पार्सलमध्येच होता, आणि तो चांगल्या हेतूने ठेवलेला होता: आइसपॅक.

आइसपॅकचं गणित

दुकानदाराने सांगितलं, "ताई, ऊन म्हणून फ्रीझरमधला एकदम कडक पॅक घातला होता." थर्माकोलचा छोटा डबा, त्यात २५० ग्रॅमचा पॅक, आणि त्याला टेकूनच इन्सुलिनचा बॉक्स.

बारावीच्या फिजिक्सवर हे तपासता येतं. पॅक उणे १८ अंशांवर होता असं धरू. जेलमध्ये बहुतांश पाणीच असतं, म्हणून बर्फाचे आकडे वापरू. एक ग्रॅम बर्फ एक अंशाने तापवायला सुमारे २.१ ज्यूल लागतात. म्हणजे हा पॅक उणे १८ वरून शून्यावर येईपर्यंत आजूबाजूची २५० × २.१ × १८ = ९,४५० ज्यूल उष्णता ओढून घेणार.

आता इन्सुलिन. पाच काडतुसं मिळून १५ मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ १५ ग्रॅम पाणी. ५ अंशांवरून शून्यावर यायला १५ × ४.२ × ५ = ३१५ ज्यूल काढावे लागतात. पूर्ण गोठायला आणखी १५ × ३३४ = ५,०१० ज्यूल. बेरीज ५,३२५.

तर पॅकची शून्याखालची थंडी पाचही काडतुसं गोठवायला पुरून उरते. अर्थात ती सगळी इन्सुलिनकडे जात नाही. डबा, हवा, खोका यांच्यात वाटली जाते. त्यामुळे हे गणित ‘गोठलंच’ असं म्हणत नाही, ‘गोठू शकतं’ एवढंच म्हणतं. हा फरक लक्षात ठेवा, थीसिसच्या तोंडी परीक्षेत यावरच पकडतात.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. पॅक शून्यावर आल्यानंतर वितळताना २५० × ३३४ = ८३,५०० ज्यूल शोषतो. म्हणजे त्याच्या एकूण क्षमतेतला फक्त दहावा हिस्सा शून्याखाली आहे, आणि धोका सगळा त्या दहाव्या हिश्श्यात आहे. म्हणून पॅक फ्रीझरमधून काढून टेबलावर ठेवायचा, पृष्ठभागावर पाण्याचे थेंब दिसेपर्यंत आणि दाबल्यावर किंचित मऊ लागेपर्यंत. पाण्याचा पॅक असेल तर हलवल्यावर आत पाणी खळखळलं पाहिजे. लसीकरणाच्या कामात याला आइसपॅक कंडिशनिंग म्हणतात. हिपॅटायटिस बी सारख्या, गोठली की वाया जाणाऱ्या लसींसाठी ते करतात. एक दशांश थंडी गेली, बाकीची नऊ दशांश शिल्लक आहे.

ती पुरते का? माझ्या अंदाजाने अडीच सेंटिमीटर जाडीच्या छोट्या थर्माकोल डब्यातून, बाहेर ४० आणि आत ५ अंश असताना, सेकंदाला साधारण ५ ज्यूल उष्णता आत येते. ८३,५०० ला ५ ने भागा: सुमारे साडेचार तास. झाकणाच्या फटी, गाडीचे धक्के धरून निम्मा वेळ मोजा. गल्लीतल्या डिलिव्हरीला दोन तास भरपूर आहेत. तरीही पॅक आणि औषध यांच्यात पुठ्ठ्याची एक घडी हवीच.

ओटीपीने कोण ओळखलं गेलं?

ओटीपी जुळला, म्हणजे माझा फोन माझ्याकडे आहे हे सिद्ध झालं. औषध कुणाच्या हातात गेलं हे नाही. फोन पुण्यात आणि रुग्ण नागपुरात असताना हा पुरावा जवळजवळ निरर्थक आहे, आणि वृद्धांच्या बाबतीत हे सर्रास होतं, कारण ऑर्डर मुलं-नातवंडंच देतात.

दुकानाला हे फार खर्च न करता सुधारता येतं. ऑर्डर घेतानाच रुग्णाला विचारून दोन नावं लिहून ठेवायची: तुमच्या गैरहजेरीत कुणाकडे दिलं तर चालेल? समोरच्या काकू, कामाच्या मावशी, जे असतील ते, नात्यासकट. दारात गेल्यावर "तुम्ही अमुकबाईच ना?" असं विचारायचं नाही. ऐकू कमी येणारं माणूस कशालाही ‘हो’ म्हणतं. "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगता का? आणि डॉक्टर कोण तुमचे?" असं विचारायचं, आणि उत्तर बिलाशी ताडून बघायचं. आधारचा फोटो काढायची काही गरज नाही. दार उघडलं नाही आणि यादीतलं कुणी नसेल, तर पार्सल परत न्यायचं. थंड औषधाला ‘वॉचमनकडे ठेवतो’ हा पर्याय नाही.

नोंद: एका ओळीऐवजी चार

दुकानाकडे असलेली नोंद एवढीच: डिलिव्हर्ड, १२:५२, ओटीपी जुळला. मार्च २०२० मध्ये कोविडच्या काळात केंद्र सरकारने घरपोच औषधांसाठी जी अधिसूचना काढली, तिच्यातही व्यवहाराची नोंद ठेवायला सांगितलं होतं. पण व्यवहाराची नोंद वेगळी आणि औषधाच्या प्रवासाची वेगळी. आजीच्या बॉक्ससाठी ती अशी असायला हवी होती:

- पॅकिंग: वेळ, दुकानाच्या फ्रिजचं तापमान, बॅच नंबर, एक्स्पायरी, पॅक कंडिशन केला का, कुणी केला.
- निघाला: वेळ, कुणाच्या ताब्यात.
- दिला: वेळ, घेणाऱ्याचं नाव आणि नातं, ओळख कशी पटवली, डब्यातल्या लॉगरचं सर्वात कमी आणि सर्वात जास्त तापमान.
- घरी ठेवला: फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवायला सांगितलं का.

लॉगर म्हणजे काडेपेटीएवढं यंत्र, दर पाच मिनिटांनी तापमान टिपतं. तो पॅकवर नाही, औषधाच्या खोक्याला लागून ठेवायचा, नाहीतर बर्फाचंच तापमान मोजलं जातं. दारात तो शून्य किंवा त्याखाली दाखवत असेल तर बॉक्स द्यायचा नाही, परत आणून वेगळा ठेवायचा. थोडा वेळ ८ च्या वर गेला असेल तर निर्णय फार्मासिस्टचा, डिलिव्हरीवाल्या मुलाचा नाही. चुकीची नोंद झाली तर एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचं, सही आणि वेळेसकट. मूळ आकडा वाचता आला पाहिजे.

मग खरं कारण कोणतं?

सापडलं नाही. कण होण्याचं नेहमीचं कारण गोठणं, पण जास्त उष्णता आणि हिंदकळण्यानेही गुठळ्या होऊ शकतात. कडक आइसपॅक, तापलेली केबिन, फ्रिजचा वरचा कप्पा, तिघंही संशयित तसेच सुटले. शुगर वाढण्यात आंब्याचाही हात असेल, आजी कबूल करत नाही. निमूट १२:५२ सोडून कुणाचीच वेळ किंवा तापमान लिहिलेलं नव्हतं, आणि घटना घडून गेल्यावर ते मागून मिळत नाही.

उद्या तुम्ही घरपोच औषधांवर प्रोजेक्ट घेतलात, आणि ‘यशस्वी डिलिव्हरी’ हा व्हेरिएबल अ‍ॅपमधून उचललात, तर माझ्या आजीचा बॉक्स तुमच्या डेटामध्ये ‘यशस्वी’ म्हणून येईल. व्याख्या आधी तुम्हाला करावी लागेल: कुणाला मिळालं, कोणत्या तापमानात मिळालं, आणि किती वेळ बाहेर होतं.

आजीच्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात मी आता एक थर्मामीटर ठेवला आहे. रोज सकाळी ती कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी आकडा लिहिते. काल ६ होता.