उन्हाळ्यात पहाटेच मासे का मरतात? तलावाच्या ‘ऑक्सिजन बॅटरी’चं गणित

मे महिन्यात गोंदिया जिल्ह्यातल्या एखाद्या तलावावर पहाटे पाच वाजता गेलात, तर कधीकधी एक विचित्र दृश्य दिसतं. रोहू, कटला यांच्यासारखे मोठे मासे पाण्याच्या अगदी वर येऊन तोंडं उघडझाप करत असतात. उन्हं वर आली की ते पुन्हा खाली जातात. पण एखाद्या दिवशी ते खाली जात नाहीत, काठावर उलटे तरंगताना सापडतात. मग गावात चर्चा सुरू होते की कुणीतरी तलावात औषध टाकलं.

कधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा मासे विषाने नाही, तर गुदमरून मेलेले असतात. पाण्यात राहून मासा गुदमरतो कसा आणि त्याचा उन्हाळ्याशी काय संबंध, तेच आज समजून घेऊ. घरी फिशटँक असेल तर हे गणित तुमच्याही कामाचं आहे.

पाण्यात ऑक्सिजन असतो तरी किती?

पाण्याच्या H₂O मधला ‘O’ माशाच्या काही कामाचा नाही, तो रेणूत बांधलेला असतो. माशाला लागतो तो हवेतून येऊन पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. त्याला विद्राव्य ऑक्सिजन किंवा डीओ म्हणतात आणि तो मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये मोजतात. मीटरच्या स्क्रीनवर mg/L दिसतं ते हेच.

हा साठा फारच छोटा असतो. एक लिटर हवेत साधारण २६० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. उन्हाळ्यातल्या एक लिटर पाण्यात तो जेमतेम सात मिलिग्रॅम मावतो. म्हणजे आपण ज्या हवेत राहतो, तिच्या मानाने मासा कायमच टंचाईत जगतो.

त्यात पाणी तापलं की हा साठा आणखी घटतो. गॅसवर पाणी तापत ठेवलं की उकळण्याच्या बरंच आधी भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसतात. ती पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडत असते. तापलेल्या पाण्यात रेणूंची धावपळ वाढते आणि वायूचे रेणू पाण्यातून सहज निसटतात. गरम झालेल्या सोड्याचा गॅस लवकर उडतो, त्याचंही कारण हेच.

गोंदिया समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या हवेच्या दाबाला गोड्या पाण्यात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन मावतो, ते पाहा:

- २० अंश सेल्सिअस: सुमारे ८.८ mg/L
- २५ अंश: सुमारे ८.० mg/L
- ३० अंश: सुमारे ७.३ mg/L
- ३५ अंश: सुमारे ६.७ mg/L

रोहू-कटल्यासारख्या माशांना साधारण ५ mg/L च्या वर बरं वाटतं. ३ च्या खाली गेलं की त्रास सुरू होतो, आणि १ च्या आसपास बराच वेळ राहिलं तर मासे मरतात.

आता तुम्ही म्हणाल, ३५ अंशालाही ६.७ आहे, म्हणजे पाचच्या वरच आहे. मग अडचण कुठे आहे?

खरा घोळ खर्चाच्या बाजूला आहे

मासा थंड रक्ताचा प्राणी. पाणी तापलं की त्याचं शरीर तापतं आणि शरीरातली सगळी कामं जोरात चालतात. ढोबळ हिशोब असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की ऑक्सिजनची गरज जवळजवळ दुप्पट होते. तलावातलं शेवाळ, जिवाणू, तळाच्या गाळातले किडे यांचंही तसंच.

म्हणजे २० वरून ३५ अंशांवर गेलो, तर पाण्याची क्षमता फक्त पाव भागाने कमी होते, पण खर्च अडीच ते तीन पट होतो. फोनच्या भाषेत सांगायचं तर बॅटरी थोडी लहान झाली आणि मागे चालणारी अ‍ॅप्स मात्र तिप्पट चार्ज खायला लागली.

ही बॅटरी चार्ज करतं ऊन. दिवसा हिरवं शेवाळ आणि पाणवनस्पती प्रकाशसंश्लेषण करून पाण्यात ऑक्सिजन सोडतात. सूर्य मावळला की हे बंद होतं, आणि तेच शेवाळ रात्रभर ऑक्सिजन खात बसतं. म्हणून डीओ दुपारनंतर सर्वांत जास्त आणि सूर्योदयाच्या जरा आधी सर्वांत कमी असतो. मासे पहाटे वर येतात ते त्यामुळेच.

मामा तलावातली एक रात्र

गोंदिया १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. दोन्ही जिल्हे तलावांसाठी ओळखले जातात. इथले जुने तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि ‘माजी मालगुजारी’चं लहान रूप होऊन ‘मामा तलाव’ हे नाव रूढ झालं. यातले बरेचसे भाताच्या सिंचनासाठी बांधलेले, त्यामुळे उथळ. ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्था त्यात मासेमारी करतात. मे येईपर्यंत पाणी आटून कमरेएवढं राहतं. तेच मासे, तोच गाळ, पण पाणी मात्र थोडं.

आता असा एक हिरवागार तलाव कल्पनेत घेऊ. आकडे उदाहरणासाठी आहेत, पण असे आकडे प्रत्यक्षात येतात.

डिसेंबर: पाणी २० अंश. संध्याकाळी डीओ ९ mg/L. रात्री दर तासाला ०.२५ कमी होतो. रात्र तेरा तासांची, म्हणजे सव्वातीन खर्च. पहाटे उरले पावणेसहा. मासे मजेत.

मे: पाणी ३१ अंश. संध्याकाळी ८ mg/L. शेवाळाने दिवसभर ऑक्सिजन सोडल्यामुळे तो क्षमतेपेक्षाही थोडा वर गेलाय. पण रात्री दर तासाला ०.५५ कमी होतो. रात्र अकराच तासांची, तरी सहा खर्च. पहाटे उरले फक्त दोन. मासे वर येऊन तोंड वासणारच.

यात एक उपयोगी युक्ती दडलेली आहे. रात्री डीओ बऱ्यापैकी सरळ रेषेत उतरतो. म्हणून जाणकार मत्स्यशेतकरी अंधार पडल्यावर एक रीडिंग घेतात आणि दोन-तीन तासांनी दुसरं. दोन्हींतला फरक तासांनी भागला की उतरण्याचा वेग मिळतो, आणि तीच रेष पुढे नेली की पहाटेचा आकडा आधीच कळतो. समजा सातला ८ होता आणि दहाला ६.३५, म्हणजे वेग ताशी ०.५५. पहाटे सहाला अंदाजे २ उरणार. ही धोक्याची सूचना रात्री दहालाच मिळाली, तर पंप लावायला वेळ असतो.

मीटर वापरताना एक गल्लत टाळा. त्यावर % सुद्धा दाखवतात. १००% म्हणजे त्या तापमानाला मावेल तेवढा ऑक्सिजन. ३५ अंशांवरचं १००% म्हणजे ६.७, आणि २० अंशांवरचं १००% म्हणजे ८.८. म्हणून निर्णय घेताना mg/L बघा.

पहिल्या पावसात मासे का मरतात?

हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. पाऊस आला, गारवा आला, मग मासे का मेले?

थोड्या खोल तलावात उन्हाळ्यात दोन थर होतात. वरचं पाणी गरम आणि हलकं, खालचं थंड आणि जड. दोन्ही मिसळत नाहीत. खालच्या थरात ऊन पोचत नाही, गाळ कुजत असतो, त्यामुळे तिथला ऑक्सिजन संपून जातो. मासे वरच्या थरात राहून दिवस काढतात. मग वादळी पाऊस येतो. गार पाणी खाली बुडतं, वारा सगळं घुसळतो आणि दोन्ही थर एक होतात. वरच्या एक मीटरमध्ये ६ आणि खालच्या एक मीटरमध्ये शून्य असेल, तर मिसळल्यावर सगळीकडे ३. त्यात ढवळलेला गाळ आणखी ऑक्सिजन खातो. दुसऱ्या दिवशी ढगाळ असेल तर चार्जिंगही होत नाही.

विष की गुदमरणं, कसं ओळखायचं?

ऑक्सिजन संपला असेल तर मासे पहाटे मरतात, आदल्या रात्री किंवा सकाळी वर येऊन तोंड वासताना दिसतात, आणि सहसा मोठे मासे आधी जातात. मरळ, मागूर, शिंगी मात्र वाचतात, कारण हे मासे थेट हवेतूनही श्वास घेऊ शकतात. विष असेल तर दिवसाच्या कोणत्याही वेळी, लहानमोठे सगळेच मरतात, मरळ-मागूरही सुटत नाहीत. बरेचदा मासे वेडेवाकडे पोहताना दिसतात. ही खात्रीची चाचणी नव्हे, पण कुणावर आरोप करण्याआधी एवढं बघायला हवं.

मासे वर आलेले दिसले तर खाद्य आणि शेणखत लगेच बंद करा, कारण कुजताना दोन्ही ऑक्सिजन खातात. पंपाने तलावाचंच पाणी उंच उडवून परत तलावात पाडा. बोअरचं पाणी थंड असतं, पण त्यात ऑक्सिजन बहुधा कमीच असतो, म्हणून तेही फवाऱ्यासारखं उडवूनच सोडा.

घरच्या टँकमध्ये वीज गेली तर

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँक घ्या. वाळू-दगड वजा करून त्यात साधारण ४५ लिटर पाणी राहतं. मे महिन्याची रात्र, पाणी ३४-३५ अंश, डीओ ६. म्हणजे पूर्ण टँकमध्ये २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन. ३ च्या खाली जाऊ द्यायचं नाही, म्हणून वापरता येईल निम्माच, १३५ मिलिग्रॅम.

आत वीस-वीस ग्रॅमचे पाच गोल्डफिश आहेत. एवढ्या गरम पाण्यात ते मिळून तासाला ३० मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन घेतात असं धरू. १३५ भागिले ३०, म्हणजे साडेचार तास. पृष्ठभागावरून थोडा ऑक्सिजन येतो, पण पाणी स्थिर असेल तर फार हळू. उलट झाडं आणि फिल्टरमधले जिवाणू आपला वाटा काढून घेतात.

एअरपंपाचे बुडबुडे स्वतः फारसं देत नाहीत. ते पाणी वर ढकलतात, पृष्ठभाग हलतो आणि हवेतला ऑक्सिजन तिथून आत शिरतो. म्हणून वीज गेली तर झाकण काढा आणि मगभर पाणी घेऊन एक फुटावरून परत ओता, दर पंधरा-वीस मिनिटांनी काही वेळ. वीज वारंवार जात असेल तर बॅटरीवर चालणारा एअरपंप घेऊन ठेवा. पाणी गार करायचं असेल तर बंद पिशवीतला बर्फ थोडा वेळ तरंगत ठेवा. तापमान एकदम उतरवू नका, तो धक्का माशाला वेगळाच त्रास देतो. आणि वीज नसताना खाद्य अजिबात टाकू नका.

फायटर मासा अशा वेळी तगतो, कारण तोही मरळीसारखा वर येऊन हवा घेतो. गोल्डफिशकडे ती सोय नाही. त्याला जे काही मिळायचं ते त्या ४५ लिटरमधूनच.