कपाटात पाच, वाटेत अकरा

शिल्लक ठरावीक आकड्याला किंवा त्याखाली गेली की मोठ्या आकड्यापर्यंत भरून घ्यायची, हा नियम प्रत्येक दुकानदाराला पाठ असतो. गणितात त्याला मानाची जागा मिळायला मात्र 1951 साल उजाडावे लागले. त्या वर्षी केनेथ अ‍ॅरो, थिओडोर हॅरिस आणि जेकब मार्शाक यांनी ‘इकॉनोमेट्रिका’त अनिश्चित मागणीखालच्या साठ्यावर लेख लिहिला. दर ऑर्डरीमागे ठरावीक खर्च येत असेल, तर दोन आकड्यांचा असाच नियम सर्वांत किफायतशीर ठरतो, हे हर्बर्ट स्कार्फ यांनी 1960 मध्ये सिद्ध केले. खालचा आकडा म्हणजे पुनर्मागणी बिंदू, वरचा म्हणजे भरण्याची पातळी.

सिद्धता सगळ्यांनाच झेपत नाही. नियमाचा स्वभाव मात्र एक फासा, वही आणि दहा आठवड्यांचा कागदी व्यापार एवढ्यावर कळतो. कुकर विकणारे एक कल्पित दुकान घेऊ. फाशावर पडेल ती त्या आठवड्याची मागणी. हिशेब शनिवारी रात्री होतो. त्या रात्री दिलेली ऑर्डर मधले दोन आठवडे सोडून तिसऱ्याच्या सोमवारी सकाळी पोचते. माल नसला तर गिऱ्हाईक नाव लिहून थांबते. खालचा आकडा 8, वरचा 16, सुरुवातीला कपाटात 14 कुकर.

फासे पडले ते असे: 4, 5, 2, 6, 1, 5, 6, 3, 4, 2.

पहिल्या शनिवारी 10 उरले, म्हणून काही केले नाही. दुसऱ्या शनिवारी उरले 5, म्हणून 11 ची ऑर्डर गेली. तिसऱ्या शनिवारी कपाटात 3 होते, पण 11 वाटेत होते. दोन्ही मिळून 14, म्हणजे ऑर्डर नको. चौथ्या आठवड्यात सहा पडले आणि तीन गिऱ्हाइकांची नावे वहीत चढली. वाटेतल्या 11 मधून ती 3 वजा केली की 8 राहतात, तेव्हा 8 ची नवी ऑर्डर गेली. पुढे सातव्या आणि दहाव्या शनिवारी ऑर्डरी निघाल्या, नवव्या आठवड्यात पुन्हा तिघे ताटकळले. एकूण मागणी 38, ऑर्डरी चार, थांबलेली गिऱ्हाइके सहा.

आता तेच फासे, तेच दोन आकडे, फक्त दुकानदार वाटेतला माल विसरतो आणि कपाट बघून ऑर्डर देतो. दुसऱ्या शनिवारी 11, तिसऱ्या शनिवारी 13, चौथ्या शनिवारी कपाट रिकामे दिसले म्हणून 16, पाचव्या शनिवारी 9. चौथ्या आठवड्यात तीन गिऱ्हाइके याही दुकानात थांबलीच, कारण घाबरून दिलेली एकही ऑर्डर तोवर पोचणार नव्हती. मग माल एकामागून एक येऊ लागला. आठव्या शनिवारी कपाटात 31 कुकर होते, आणि नियम म्हणत होता 16! गोदाम अचानक तुंबते तेव्हा दोष बहुधा बाजारावर जातो. वहीत ‘येणे बाकी’चा रकाना आहे का, हे आधी तपासावे. कपाटातले अधिक वाटेतले वजा देणे, या बेरजेलाच साठ्याची स्थिती म्हणतात आणि नियम तिलाच लावायचा असतो.

पहिल्या वहीतही सहा जण थांबले, ते का? दोन आठवड्यांची सरासरी मागणी सात, म्हणून 8 पुरेसे वाटते. पण हिशेब शनिवारीच होतो. साठा 8 वर येऊन थांबत नाही, दुसऱ्या आठवड्यात तो 10 वरून थेट 5 वर उतरला. ऑर्डर निघतानाच तीन कुकर कमी होते. म्हणून खालचा आकडा ठरवताना सरासरीवर दोन भर घालाव्या लागतात: एक मागणीच्या चढउतारासाठी, दुसरी या उडीसाठी. पहिली लोक धरतात, दुसरी बहुतेक सुटते.

आकडा 11 केला आणि तेच फासे पुन्हा चालवले, तर दहा आठवड्यांत कोणीही थांबले नाही. मात्र ऑर्डरी चारऐवजी सहा निघाल्या, कारण 11 आणि 16 मधले अंतर आखूड झाले. गाडीभाडे जड असेल तर वरचा आकडाही वाढवावा लागेल.

तुलना करताना फासे तेच ठेवणे महत्त्वाचे. नाहीतर एका नियमाला सौम्य आठवडे मिळतात, दुसऱ्याला कडक, आणि फरक नियमाचा की नशिबाचा हे कळत नाही. दहा आठवडे चूक दाखवायला पुरतात, आकडा ठरवायला नाही. सुरुवातीचे 14 कुकरच पहिल्या काही ओळींवर प्रभाव टाकतात, शिवाय खऱ्या दुकानात मागणी फाशासारखी सपाट नसते आणि गाडीही ठरल्या सोमवारी येत नाही. खरा आकडा हवा असेल तर आपल्याच जुन्या बिलांतली आठवड्यांची विक्री चिठ्ठ्यांवर लिहावी, चिठ्ठी उचलून परत टाकत शंभरेक आठवडे चालवावेत आणि सुरुवातीच्या दहा-पंधरा ओळी मोजणीतून गाळाव्यात.