थायरॉइडही असेल, पाळी जायचं वयही असेल

चाळिशी ओलांडलेली बाई डॉक्टरांना सांगते, की सकाळी उठतानाच अंगात त्राण नसतं, पहाटे तीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही, छातीत धडधडतं, कारण नसताना जीव घाबरा होतो, केस गळतात, वजन वाढलंय आणि पाळीचा काही नेम उरलेला नाही. थायरॉइडच्या बिघाडात हे सगळं होतं. पाळी कायमची थांबण्याआधीच्या काळात, म्हणजे पेरिमेनोपॉजमध्येही हे सगळं होतं. त्यामुळे नुसत्या तक्रारी ऐकून दोघांतलं नेमकं काय आहे हे अनुभवी डॉक्टरलाही सांगता येत नाही.

घरी मात्र निकाल लगेच लागतो. थोरली जाऊ म्हणते, "वयच आहे गं हे, आम्हीही काढलंय." मैत्रीण म्हणते, "थायरॉइड असणार, माझं अस्संच होत होतं." दवाखान्यात गर्दी असली तर "टेन्शन घेऊ नका" म्हणून झोपेची नाहीतर चिंतेची गोळी हातात पडते. यातलं प्रत्येक उत्तर खरं असू शकतं. घोटाळा होतो तो एक उत्तर मिळालं की बाकीची चौकशी थांबते म्हणून. हे दोन्ही बिघाड एकाच बाईत एकाच वेळी असू शकतात, आणि या वयात तसं असणं मुळीच दुर्मीळ नाही.

आधी वयाचं बघू. पाश्चात्त्य देशांत पाळी थांबण्याचं सरासरी वय 51च्या आसपास आहे. भारतात ते साधारण 46-47 आहे. पाळीत बदल सुरू होतात ते त्याच्या काही वर्षं आधी, म्हणजे आपल्याकडे बेचाळीस-त्रेचाळिसाव्या वर्षी ही लक्षणं दिसू लागली तर त्यात नवल नाही. "तुम्ही अजून लहान आहात" असं या वयाच्या बाईला सांगणं बरोबर नाही. दुसरीकडे, शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच थायरॉइड ग्रंथीवर हल्ला करण्याचा हाशिमोटो हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त आढळतो आणि मध्यमवयात त्याचं प्रमाण वाढत जातं. दोन्हींची गाठ पडण्याचं वय एकच आहे.

लक्षणं सारखी का, याचं कारण दोन्ही संप्रेरकांच्या कामात आहे. थायरॉइडचं संप्रेरक हृदय, आतडी, स्नायू, मेंदू या सगळ्यांचा वेग ठरवतं. इस्ट्रोजेनचा संबंध मेंदूतल्या तापमान, झोप आणि मनःस्थिती सांभाळणाऱ्या भागांशी असतो. पेरिमेनोपॉजमध्ये इस्ट्रोजेन हळूहळू, शिस्तीत कमी होत नाही. वळवाच्या पावसासारखं ते एका महिन्यात धो धो येतं आणि पुढच्या महिन्यात दडी मारतं. शेवटी झोप मोडणं, धडधड आणि घाबरेपणा या तक्रारी दोन्ही वाटांनी येतात.

तरी जवळून पाहिलं तर काही फरक हाती लागतात. उकाड्याचंच घ्या. पाळीच्या बदलातली गरमी झटक्याने येते. छातीतून मानेकडे, चेहऱ्याकडे वाफ चढते, दोन-चार मिनिटांत घाम फुटतो आणि मग थंडी वाजून जाते. मधल्या वेळात बाई ठीक असते. थायरॉइड जास्त काम करत असेल तर उकाडा दिवसभर असतो, तळहात सतत गरम आणि ओलसर असतात, हात पुढे पसरले की बोटं बारीक थरथरतात, भूक चांगली असून वजन उतरतं. धडधडीचंही तसंच आहे. पाळीच्या बदलातली धडधड बहुधा येते आणि जाते. सकाळी अंथरुणातच, उठण्याआधी मनगटावर नाडी मोजली आणि ती रोज 90-100च्या पुढे निघाली, तर थायरॉइड तपासल्याशिवाय राहू नये.

थायरॉइड मंद असेल तर चित्र उलटं असतं: सगळ्यांना उकडत असताना हिला शाल लागते, पोट साफ होत नाही, आवाज जाड होतो, सकाळी पापण्या सुजलेल्या असतात. पण अडचण अशी, की मंद थायरॉइडमध्येही पाळीत अंगावर जास्त जातं आणि पेरिमेनोपॉजमध्येही. महिनोन्‌महिने जास्त गेलं की शरीरातलं लोह संपतं, आणि लोहाच्या कमतरतेनेही दम लागतो, धडधडतं, केस गळतात. म्हणजे दोघांच्या भांडणात तिसरा शिरतो. म्हणून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन यांच्याशिवाय ही तपासणी पुरी होत नाही.

एक उदाहरण घेऊ. अनेक रुग्णांच्या अनुभवातून जुळवलेलं आहे. बाई 46 वर्षांची, शाळेत क्लार्क. आठ महिने थकवा, पहाटे जाग, धडधड, सतत कसली तरी धास्ती. पाळी कधी 23 दिवसांनी, कधी 40, आणि पहिले दोन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावा लागतो. वजन चार किलो वाढलंय. चिंतेची गोळी तीन महिने घेऊन झाली, झोप थोडी सुधारली, बाकी जसंच्या तसं.

रक्त तपासलं तेव्हा टीएसएच 12.4 निघाला. बहुतेक लॅबमध्ये हा आकडा साधारण 0.4 ते 4 किंवा 4.5पर्यंत असायला हवा. टीएसएच हा मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा हुकूम असतो. थायरॉइड कमी पडली की हा हुकूम जोरात सुटतो, म्हणून आकडा चढला म्हणजे थायरॉइड मंद. सोबत फ्री टी-4 कमी होता, अँटी-टीपीओ अँटिबॉडी होत्या. आजार पक्का. हिमोग्लोबिन 9.6 आणि फेरिटिन अगदी तळाला. लेव्होथायरॉक्सिन 50 मायक्रोग्रॅम सुरू झालं आणि लोहाच्या गोळ्याही. यात एक बारकावा आहे. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची, आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून निदान चार तास लांब. एकत्र घेतल्या तर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही आणि मग "औषध लागू पडत नाही" असं वाटतं.

आठ आठवड्यांनी टीएसएच 3.1 आला. बद्धकोष्ठता गेली, पापण्यांची सूज उतरली, शाल सुटली. पण पहाटे घामाने गाऊन भिजून जाग येणं चालूच, पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस धास्तीही चालूच. बाईला वाटलं, डोस कमी पडतोय. डोस 75 आणि मग 100 झाला. पुढच्या तपासणीत टीएसएच 0.1 निघाला आणि आता धडधड दिवसभर होऊ लागली.

अशा वळणावर फार बायका अडकतात. रिपोर्ट थायरॉइडचा आहे, तेव्हा उरलेला प्रत्येक त्रास थायरॉइडचाच, असं धरलं जातं आणि डोस वाढत जातो. गरजेपेक्षा जास्त थायरॉइड संप्रेरक हृदयाचे ठोके अनियमित करू शकतं आणि हाडं झिजवतं. इस्ट्रोजेन कमी होत चाललेल्या वयात हाडं आधीच विरळ होऊ लागलेली असतात, त्यावर ही दुसरी झीज नको. आपल्या उदाहरणातल्या बाईचा डोस परत 50वर आणला, धडधड कमी झाली, टीएसएच जागेवर आला. पहाटेचा घाम आणि धास्ती मात्र उरली. ती थायरॉइडची नव्हतीच. तिच्यासाठी पाळीच्या तारखांची वही उघडावी लागली.

पेरिमेनोपॉजसाठी मुळात अशी वहीच लागते. 45च्या पुढच्या बाईत एफएसएच तपासून तो ओळखण्याचा आग्रह धरू नये. हा आकडा या काळात महिन्या-महिन्याला बदलतो, आज चढा आणि तीन आठवड्यांनी सामान्य. नॉर्मल आला म्हणून पेरिमेनोपॉज नाही असं म्हणता येत नाही. उलट, एरवी नेमाने येणारी पाळी लागोपाठ महिन्यांत सात दिवस किंवा जास्त मागे-पुढे व्हायला लागली, मग कधी दोन-दोन महिने गायब व्हायला लागली, हीच खूण जास्त भरवशाची. तिच्या वहीत ती स्पष्ट होती. जास्त जातं म्हणून सोनोग्राफी झाली. या वयात जास्त रक्तस्राव असला तर गर्भाशयाचं अस्तर तपासायचं का, हेही डॉक्टर ठरवतात. ते टाळू नये. एखादी पाळी चुकली तर गर्भधारणेची चाचणीही करावी, कारण पाळी पूर्ण बारा महिने थांबेपर्यंत दिवस राहू शकतात.

पुढे स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून तिने हार्मोन घालणारी गर्भाशयातली कॉइल आणि इस्ट्रोजेनचा जेल निवडला. कॉइलने अंगावर जाणं कमी झालं, जेलने रात्रीचा घाम. सगळ्यांना हेच चालेल असं नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल किंवा रक्ताच्या गाठी झाल्या असतील तर विचार वेगळा होतो, आणि घामासाठी हार्मोन नसलेली औषधंही आहेत. पण थायरॉइडची गोळी चालू असलेल्या बाईने इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. इस्ट्रोजेन तोंडाने घेतलं तर रक्तात थायरॉइडचं संप्रेरक बांधून ठेवणारं प्रथिन वाढतं आणि लेव्होथायरॉक्सिनचा डोस वाढवावा लागू शकतो, म्हणून दोन-तीन महिन्यांत टीएसएच पुन्हा तपासायचा. जेल किंवा पॅचने सहसा तसं होत नाही.

टीएसएच 12 नसून 5 किंवा 6 आला तर काय? फ्री टी-4 चांगला असेल तर सहसा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून मग ठरवतात. अनेकदा तो आपोआप खाली येतो. अशा काठावरच्या आकड्यावर सगळा थकवा टाकून मोकळं होणं चूक आहे. रक्त द्यायला जाताना केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्या निदान दोन दिवस आधी बंद करा. काही लॅबच्या यंत्रांत त्यांच्यामुळे टीएसएच खोटाच कमी आणि टी-4 खोटाच जास्त दिसतो, आणि नसलेला आजार कागदावर उमटतो.

घाबरेपणा खरोखरच मनाच्या आजाराचाही असू शकतो, आणि पाळीच्या या काळात नैराश्याचा धोका वाढतो हेही खरं. त्याचे उपचार जरूर घ्यावेत, मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी. पण डॉक्टरांकडे जाताना गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा, आठवडाभराची सकाळची नाडी आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं एका कागदावर लिहून न्या. टीएसएच आणि हिमोग्लोबिन झालंय का, ते विचारा. आणि गोळी सुरू होऊन टीएसएच जागेवर आल्यावरही त्रास उरला, तर डोस वाढवून मागण्याआधी तो कागद पुन्हा डॉक्टरांपुढे ठेवा.