किती शेअर घ्यायचे? आधी तोटा ठरवू या

शेअर बाजारावर बोलायचं ठरलं की आमच्याकडे पहिला प्रश्न येतो, "कोणता शेअर घेऊ?" आज आम्ही त्याचं उत्तर देणार नाही. आज बोलायचं आहे ते दुसऱ्या प्रश्नावर, जो फारसा कुणी विचारत नाही. शेअर ठरला, तर तो किती घ्यायचा? दहा, पन्नास की दोनशे? घरातल्या पैशाचं काय होणार हे पुष्कळदा याच आकड्यावर ठरतं.

वर्षानुवर्षं ठेवण्यासाठी केलेली गुंतवणूक हा आजचा विषय नाही. काही दिवसांसाठी किंवा आठवड्यांसाठी शेअर घेऊन विकायचा, त्या व्यवहाराबद्दल आपण बोलतो आहोत. त्यासाठी नियम साधा आहे. एका व्यवहारात आपल्या भांडवलाचा ठरावीक छोटा हिस्सा, समजा शंभरातला एक रुपया, एवढाच गमवायची तयारी ठेवायची. कितीही खात्री वाटली तरी त्याहून जास्त नाही.

भांडवल म्हणजे फक्त या कामासाठी बाजूला काढलेले पैसे. मुलांची फी, भिशीचा हप्ता, बँकेतली ठेव, अंगावरचं सोनं यातलं काहीही त्यात धरायचं नाही.

आता एक हिशोब करू. वही-पेन घ्या. समजा, सिडकोतल्या एका ताईंनी 50,000 रुपये बाजूला काढले आहेत. त्याचा एक टक्का म्हणजे 500 रुपये. इथे बऱ्याच जणींची गल्लत होते. एक टक्का म्हणजे 500 रुपयांचे शेअर घ्यायचे, असं नाही. अंदाज चुकला तर 500 रुपयेच जावेत, असा त्याचा अर्थ.

ताईंना एक शेअर 240 रुपयांना घ्यायचा आहे. गेले काही आठवडे तो 230 च्या खाली गेलेला नाही. म्हणून त्या ठरवतात की 228 पर्यंत उतरला तर आपला अंदाज चुकला, विकून मोकळं व्हायचं. या भावाला स्टॉप लॉस म्हणतात. 240 मधून 228 गेले, राहिले 12. म्हणजे एका शेअरमागे 12 रुपयांची जोखीम. दलाली, कर आणि डीमॅटचा खर्च यासाठी 50 रुपये बाजूला ठेवू, उरले 450. त्याला 12 ने भागलं की साडेसदतीस येतात. अपूर्णांक नेहमी खाली सोडायचा, म्हणून 37 शेअर. त्यासाठी लागतील 8,880 रुपये.

दुसरा शेअरही 240 चाच आहे, पण तो रोज उड्या मारतो. त्याला 216 पर्यंत मोकळीक द्यावी लागते. आता एका शेअरमागे जोखीम 24 रुपये. 450 भागिले 24, म्हणजे 18 शेअर आणि खरेदी 4,320 रुपयांची. भाव तोच, पण खरेदी निम्म्याहून कमी. अंदाज चुकला तर दोन्हीकडे नुकसान साधारण 500 रुपयांच्या आतच.

हिशोबाचा क्रम मात्र उलटा करायचा नाही. आधी "शंभर शेअर घेऊ" असं ठरवायचं आणि मग गणित जुळावं म्हणून स्टॉप लॉस ओढून 236 वर आणायचा, हे चालत नाही. भाव रोज चार-पाच रुपये सहज हलत असेल, तर असा स्टॉप लॉस दुपारपर्यंत लागतो, आणि संध्याकाळी तोच शेअर वर गेलेला दिसतो. स्टॉप लॉस शेअरच्या चालीवरून ठरतो आणि शेअरची संख्या त्यावरून निघते.

आता एकच टक्का का? कारण तोटे रांगेने येतात. नाणं शंभर वेळा उडवलं, तर कुठेतरी सलग पाच वेळा छापा पडण्याची शक्यता दहात आठ असते. म्हणजे आपले निम्मे अंदाज बरोबर येत असले तरी सलग पाच तोटे कधीतरी होणारच, दहासुद्धा होऊ शकतात. एक टक्क्याने सलग दहा तोटे झाले तर 50,000 चे साधारण 45,200 उरतात. ते परत 50,000 करायला दहा-अकरा टक्के नफा पुरतो. तेच दर वेळी दहा टक्के लावले, तर उरतात फक्त 17,400 च्या आसपास. तिथून मूळ जागी यायला रक्कम जवळजवळ तिप्पट व्हावी लागते.

हा टक्का दर वेळी हातात असलेल्या रकमेवर काढायचा. 500 गेले की भांडवल 49,500, मग पुढची जोखीम 495. नफा झाला की ती आपोआप वाढते. लोक नेमकं उलटं करतात. "गेलेले भरून काढू" म्हणत पुढच्या वेळी दुप्पट लावतात, आणि पडत्या काळातच त्यांचा डाव सर्वांत मोठा असतो.

या नियमालाही मर्यादा आहेत. पहिली, भाव पायरी-पायरीने उतरेलच असं नाही. आपल्या नाशिकला हे कांद्यावरून ठाऊक आहे. 7 डिसेंबर 2023 ला केंद्र सरकारने निर्यातबंदीची अधिसूचना काढली आणि भाव एकदम कोसळले. अमुक भावाखाली गेला तर विकू म्हणणाऱ्याला मधला भाव मिळालाच नाही. शेअरचंही तसंच. 5 मार्च 2020 च्या संध्याकाळी येस बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. दुसऱ्या दिवशी सुमारे 37 रुपयांचा तो शेअर 16 च्या आसपास बंद झाला. अशा दिवशी एक टक्क्याचा तोटा कितीतरी पट होतो. स्टॉप लॉस फार जवळ असला की धोका आणखी वाढतो. दोनच रुपयांचा फरक धरला, तर आपल्या हिशोबाने 225 शेअर येतात, म्हणजे 54,000 रुपये, भांडवलाहूनही जास्त! म्हणून दुसरी मर्यादा घालून घ्यावी. एका शेअरमध्ये भांडवलाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त रक्कम नको.

एकाच धंद्यातले पाच शेअर घेतले, तर ते पाच व्यवहार नव्हेत. पाच बँकांचे शेअर एकाच बातमीने एकत्र पडतात, आणि एक टक्क्याचे पाच टक्के होतात.

फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये तर माल सुटा मिळतच नाही, ठरलेला लॉट घ्यावा लागतो. एका लॉटचा संभाव्य तोटा आपल्या 500 मध्ये बसत नसेल, तर नियमाचं उत्तर "शून्य लॉट" असं आहे. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या शंभरातल्या 93 वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला.

आणि शेवटचं. या नियमाने नफा होत नाही. निवडच चुकत असेल, तर पैसे जातातच, फक्त हळू जातात. पण त्यामुळे ते वेळेवर लक्षात येतं. म्हणून प्रत्येक व्यवहाराआधी वहीत चार गोष्टी लिहा: भांडवल, खरेदीचा भाव, स्टॉप लॉस आणि शेअरची संख्या. विकल्यावर खरा तोटा किंवा नफा शेजारी मांडा. तीस व्यवहारांनंतर बेरीज करा. बेरीज उणे आली, तर टक्का वाढवू नका, व्यवहार थांबवा. तोवर 50,000 मधले बहुतेक पैसे अजून तुमच्याच हातात असतील.